दहावीच्या पालकांसमोर समुपदेशकाचा परिचय: दोन पानी बायोडेटाचं काय करायचं?

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत सहशिक्षिका आहे. पुढच्या शनिवारी दहावीची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी करिअर मार्गदर्शनाचं सत्र आहे. बाहेरून येणाऱ्या समुपदेशक मॅडमचा परिचय मला करून द्यायचाय. त्यांनी दोन पानी बायोडेटा पाठवलाय. पालक आधीच घाबरलेले असतात, आणि गेल्या वर्षी तर परिचय चालू असतानाच सभागृहात कुजबुज सुरू झाली होती. नेमकं काय बोलू आणि किती बोलू?

उत्तर:

त्या कुजबुजीपासूनच सुरुवात करते. मी बावीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली बारा वर्षं दहावीच्या या सत्राची जबाबदारी माझ्याकडे होती. पालक कंटाळले म्हणून बोलत बसतात, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. मग एका वर्षी परिचयाचं काम एका सहकाऱ्याकडे दिलं आणि मी मागच्या रांगेत जाऊन बसले. माझ्या शेजारच्या आई पलीकडच्या बाईंना विचारत होत्या, "या कुठल्या कॉलेजच्या आहेत?" पलीकडच्या बाई म्हणाल्या, "क्लासवाल्या असतील. शेवटी पत्रकं वाटतील बघा." पुढच्या रांगेतल्या एका बाबांना एवढंच हवं होतं की अकरावीच्या फॉर्मचं आज सांगणार आहेत का. व्यासपीठावर त्या वेळी पाहुण्यांच्या चौथ्या पुरस्काराचं नाव वाचलं जात होतं.

म्हणजे लोक परिचयच शोधत होते, पण तो त्यांना व्यासपीठावरून मिळत नव्हता, म्हणून ते एकमेकांकडून मिळवत होते. ही बाई कोण, हिचा माझ्या मुलाशी काय संबंध, आणि ही कोणाच्या बाजूची, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. बायोडेटा या प्रश्नांसाठी लिहिलेलाच नसतो. तो नोकरीसाठी किंवा मानधन ठरवण्यासाठी लिहिलेला असतो. तो जसाच्या तसा वाचला की पाहुणे मोठे वाटतात आणि सभागृहापासून लांब जातात.

या कार्यक्रमात आणखी एक अडचण असते, जी एरवीच्या पाहुण्यांच्या बाबतीत येत नाही. "समुपदेशक" हा शब्द समोर बसलेल्या प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. काही पालकांना वाटतं, ज्यांच्या मुलात काही बिघाड आहे त्यांच्यासाठी समुपदेशक असतो. काहींना वाटतं, आज कुणीतरी हुशार माणूस येऊन आमच्या मुलाला विज्ञान शाखा पटवून देणार. आणि पंधरा वर्षांच्या मुलांना वाटतं, आईबाबांनी आपलं म्हणणं वदवून घ्यायला हिला आणलंय. एकाच सभागृहात या तिन्ही समजुती शेजारी शेजारी बसलेल्या असतात. समुपदेशक बोलायला उठण्याआधी तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत, आणि त्या दोन मिनिटांत या समजुती थोड्या सैल करता आल्या तर पुढचा पाऊण तास सत्कारणी लागतो.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधी सांगून टाकते. सत्र कोणत्या महिन्यात आहे याने बराच फरक पडतो. परीक्षेआधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत असेल, तर पालकांच्या मनात टक्के असतात. निकालानंतर असेल तर प्रवेश असतो. २०२५ साली निकाल १३ मे रोजी लागला आणि त्याच वर्षी, म्हणजे २०२५-२६ पासून, अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया सगळ्या राज्याला लागू झाली. त्याआधी ती मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरी भागांपुरती होती. त्यामुळे लहान गावांतल्या पालकांसाठी पसंतिक्रम, फेऱ्या, कटऑफ हे सगळं अजून नवं आहे. त्या वर्षीच्या नियमांत जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीने लावता येत होती, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावं लागत होतं. एवढं पणाला लागलेलं असताना पालक समोर येणाऱ्या कुठल्याही जाणकार माणसाला फॉर्मबद्दलच विचारणार, हे उघड आहे. तुमचं सत्र मे-जूनमध्ये असेल तर ही गोष्ट परिचयात हाताळावीच लागेल. ती कशी, ते पुढे येतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहुण्या नेमकं काय काम करतात. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ हे तीन शब्द आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो, तो औषधं लिहून देतो. तुमच्या पाहुण्या बहुधा मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र शिकलेल्या आणि मार्गदर्शन-समुपदेशनाचा वेगळा अभ्यासक्रम केलेल्या असतील. मान वाढवावा म्हणून त्यांना "मानसोपचारतज्ज्ञ" म्हटलंत तर त्यांची पहिली काही मिनिटं ते दुरुस्त करण्यात जातील, आणि ज्या पालकांना "बिघाड" या शब्दाची भीती आहे ते तिथेच मिटतील. "डॉक्टर" ही उपाधी पीएचडीची असेल तर एकदा तसं स्पष्ट म्हणा, नाहीतर कार्यक्रमानंतर कुणीतरी मुलाची झोप आणि भूक घेऊन त्यांच्यापुढे उभं राहतं.

माझा अनुभव असा की चांगला परिचय बायोडेटातून निघत नाही, तो फोनवर मिळतो. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी पाहुण्यांना दहा मिनिटं फोन करा. नावाचा उच्चार आणि त्यांना आवडणारं संबोधन विचारा, हे पहिलं. मग विचारा, "मॅडम, तुमचा नेहमीचा कामाचा दिवस कसा असतो?" या एका प्रश्नावर मला नेहमी खरा मजकूर मिळाला आहे. बायोडेटात "करिअर समुपदेशनाचा १४ वर्षांचा अनुभव" असं लिहिलेलं असतं. फोनवर तीच व्यक्ती सांगते, "मी आधी मुलाशी एकट्याशी बोलते, आईबाबांना बाहेर बसवते. मग पालकांशी वेगळं बोलते. आणि मग सगळ्यांना एकत्र बसवते." मला हे पहिल्यांदा एका मॅडमनी सांगितलं तेव्हा मी ते शब्द तसेच कागदावर उतरवून घेतले. "ही कोणाच्या बाजूची?" या प्रश्नाचं उत्तर त्या पद्धतीतच आहे. "मॅडम मुलांच्याही बाजूने आहेत आणि पालकांच्याही" असं तुम्ही व्यासपीठावरून म्हणालात तर कुणाचा विश्वास बसत नाही. मुलाशी आधी एकट्याने बोलतात हे सांगितलं की मुलं मान वर करून बघतात, आणि पालकांशीही वेगळं बोलतात म्हटल्यावर पालकही.

फोनवर आणखी दोन गोष्टी विचारा. शनिवारी त्या कशावर बोलणार आहेत आणि कशावर बोलणार नाहीत, ही एक. दुसरी थोडी अवघड वाटेल, पण विचाराच: त्यांचं स्वतःचं केंद्र आहे का, तिथे फी घेऊन चाचण्या होतात का, आणि हे मी परिचयात सांगितलं तर चालेल का? बारा वर्षांत मला एकाही चांगल्या समुपदेशकाने याला नकार दिलेला नाही. उलट त्यांना हायसं वाटतं, कारण "शेवटी पत्रकं वाटतील" ही शंका त्यांच्याबद्दल प्रत्येक सभागृहात असते आणि ती त्यांना स्वतःच्या तोंडाने दूर करता येत नाही. तुम्ही शाळेच्या वतीने सांगितलं की ती मिटते. आणि समजा पाहुणे एखाद्या क्लासच्या किंवा कॉलेजच्या वतीनेच येत असतील, तर तेही सांगायला हवं. त्यांची नोकरी कुठे आहे हे माहीत असलेले पालक त्यांचं बोलणं नीट तोलून ऐकतात. न सांगता मागाहून कळलं तर रोष शाळेवर येतो, आणि पुढच्या वर्षी पालक येत नाहीत.

आता दोन पानी बायोडेटा. तुमच्यासमोर तो कसा असेल याचा अंदाज करू शकते: दोन-तीन पदव्या, पंधरा-वीस शाळांची नावं, वर्तमानपत्रातलं सदर, पाच-सहा पुरस्कार, संस्थांची सदस्यत्वं, आणि "हजारो विद्यार्थ्यांना मार्गदर्शन". पेन घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे ऐकून मागच्या रांगेतल्या आईला आपल्या मुलाबद्दल काही विचारावंसं वाटेल का? मानसशास्त्रातलं एम.ए. राहील, कारण या व्यक्तीने याचं शिक्षण घेतलंय एवढं पालकांना कळायला हवं. समुपदेशक होण्याआधी त्या सहा वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या, ही ओळ बायोडेटात दुसऱ्या पानाच्या तळाशी असेल, पण ती पुढे आणा. ज्या बाईने दहावीचे पेपर तपासलेत तिच्याबद्दल पालकांना लगेच आपलेपणा वाटतो. पुरस्कार, सदस्यत्वं, शाळांची यादी, हे सगळं गाळा. ते खोटं असतं असं नाही, पण त्याची जागा निमंत्रणपत्रिकेवर किंवा पालकांच्या ग्रुपवर आहे. मुख्याध्यापकांना पूर्ण बायोडेटा वाचला जावा असं वाटत असेल तर त्यांना हेच सुचवा: आदल्या दिवशी तो ग्रुपवर टाकू आणि सभागृहाच्या दाराशी लावू. पाहुण्यांचा मानही राहतो आणि दोन मिनिटंही वाचतात.

एका ओळीबद्दल जरा थांबून सांगायचं आहे, कारण ती मी स्वतः व्यासपीठावरून म्हटली होती. "ज्यांनी शेकडो मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर होण्याची वाट दाखवली, असे आजचे आपले पाहुणे." टाळ्या मिळाल्या होत्या. कंपनीचा गणवेश घातलेले एक बाबा मुलाला घेऊन मागच्या दारातून बाहेर पडताना मला व्यासपीठावरून दिसले. वाटलं, पाळीची वेळ झाली असेल. सोमवारी दाखल्यासाठी ते ऑफिसात आले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, "आमचा पोरगा आयटीआयला जाणार आहे मॅडम. ते आमच्यासाठी नव्हतं." पाहुण्यांनी त्या दिवशी आयटीआय आणि डिप्लोमावर वीस मिनिटं दिली होती. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आयटीआयनंतर कोणते रस्ते उघडतात, सगळं त्यांनी सांगितलं होतं. ज्याला ते ऐकायला हवं होतं त्याला माझ्या एका वाक्याने दाराबाहेर काढलं होतं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तो वडिलांच्या मागे उभा राहून नोटीस बोर्ड वाचत होता.

त्यानंतर मी एक नियम पाळला. परिचयात शाखांची आणि वाटांची नावं घ्यायची असतील तर सगळी घ्यायची, आणि सुरुवात आयटीआयपासून करायची. आपल्या तोंडात नेहमी विज्ञान, वाणिज्य, कला असाच क्रम बसलेला असतो आणि मुलं त्यालाच हुशारीची उतरंड समजतात. क्रम उलटा केला की मागच्या रांगेतही कुणीतरी सावरून बसतं. याच कारणासाठी "नव्वद टक्क्यांच्या पुढची मुलं", "गुणवंत", "टॉपर" हे शब्दही परिचयात नकोत. सभागृहात पंचेचाळीस टक्क्यांची भीती घेऊन बसलेलं मूल असतंच, आणि त्याचे आईवडील त्याच्या शेजारीच बसलेले असतात. "दहावी हा आयुष्याचा टर्निंग पॉइंट" हेही टाळा. घाबरलेल्या माणसाला त्याची भीती बरोबर आहे असं सांगण्यासारखं आहे ते. आणि "घाबरू नका"ही नको. घाबरू नका म्हटल्याने आजवर कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. पुढे काय होणार आहे हे क्रमाने सांगितलं की मात्र माणूस खरंच शांत होतो.

चाचण्यांबद्दलही एक सांगते. २०१६ पासून काही वर्षं राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे, त्यामुळे पालकांच्या तोंडी "कल" हा शब्द अजून आहे. अनेकांची समजूत अशी की चाचणी दिली की मुलाने काय व्हायचं ते कळतं. कल म्हणजे आवड कुठे आहे आणि अभिक्षमता म्हणजे काय जमू शकतं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या दोन्ही कळल्या तरी घरची परिस्थिती, गावातली कॉलेजं आणि मुलाची तयारी हे सगळं शिल्लक राहतंच. ते समजावणं समुपदेशकाचं काम आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त "चाचणी घेऊन अचूक करिअर सांगणाऱ्या" असं वाक्य बोलू नका. बायोडेटात तसं लिहिलेलं असलं तरी नको. एकदा तशी अपेक्षा तयार झाली की पाहुण्यांचं प्रत्येक "हे मुलावर अवलंबून आहे" पालकांना टाळाटाळ वाटतं.

आता प्रत्यक्ष मजकूर. माईकवर निवांत बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांना सव्वादोनशेच्या आसपास. मी वर कल्पलेल्या मॅडमसाठी परिचय लिहायचा असता तर असा लिहिला असता:

"मुलांनो, आणि मुलांबरोबर आलेल्या आईबाबांनो, आजी-आजोबांनो. आज आपल्याशी बोलणार आहेत अमुक मॅडम. मॅडम आठवड्यातले चार दिवस तुमच्यासारख्याच कुटुंबांबरोबर बसतात. त्यांची एक पद्धत मला परवा फोनवर कळली. त्या आधी मुलाशी एकट्याशी बोलतात. मग पालकांशी वेगळं बोलतात. आणि मग सगळ्यांना एकत्र बसवतात. गेली चौदा वर्षं त्या हे काम करतायत. त्याआधी सहा वर्षं त्या शाळेत गणित शिकवत होत्या, त्यामुळे दहावीचं वर्ष त्यांनी वर्गातूनही पाहिलंय. मानसशास्त्रात त्यांनी एम.ए. केलंय आणि समुपदेशनाचं वेगळं शिक्षण घेतलंय.

आयटीआयला जाणारी, डिप्लोमाला जाणारी, कला, वाणिज्य, विज्ञान घेणारी आणि अजून काहीच न ठरवलेली, अशी सगळी मुलं त्यांच्याकडे येतात. आज त्या पाऊण तास बोलतील ते निवड कशी करायची याबद्दल. अकरावीचा फॉर्म आणि कॉलेजांचे कटऑफ हा त्यांचा विषय नाही. त्यासाठी कार्यक्रम संपल्यावर आपले तमुक सर ग्रंथालयात तासभर थांबणार आहेत.

मॅडमचं स्वतःचं समुपदेशन केंद्र आहे. आज मात्र त्या शाळेच्या विनंतीवरून आल्या आहेत आणि इथे कुणाचीही नावनोंदणी होणार नाही.

तुमच्या खुर्चीवर एक कोरी चिठ्ठी आहे. मनात असेल तो प्रश्न लिहा, नाव लिहू नका. मुलांच्या चिठ्ठ्या निळ्या डब्यात, पालकांच्या पिवळ्या डब्यात. मॅडम दोन्ही डबे उघडतील. मॅडम, या."

यात कौतुकाचा एकही शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. "सुप्रसिद्ध", "ख्यातनाम", "ज्यांना परिचयाची गरज नाही अशा" यातलं काहीच नाही. पहिल्यांदा असं बोलताना कोरडं वाटेल, पाहुण्यांचा अपमान तर होत नाही ना अशी भीती वाटेल. मला वाटली होती. पण त्या दिवशी पाहुण्यांनी नंतर चहा घेताना मला सांगितलं की आज पहिल्यांदा त्यांना स्वतःबद्दल काहीच सांगावं लागलं नाही, थेट मुद्द्यावर येता आलं.

फॉर्मचं वाक्य तुम्हाला कदाचित खटकेल, पाहुण्यांना काय येत नाही ते परिचयात का सांगायचं? पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या पालकाच्या डोक्यात फॉर्म आहे तो समुपदेशकाचं काहीही ऐकत नाही, तो फक्त आपला प्रश्न कधी येतो याची वाट बघत बसतो. त्याला ग्रंथालय, तासभर आणि सरांचं नाव मिळालं की तो मोकळा होतो. अर्थात सर खरोखर तिथे थांबले पाहिजेत, आणि त्यांनी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचलेली असली पाहिजे, कारण वेळापत्रक आणि नियम बदलतात. तशी सोय करता येत नसेल तर परिचयात तिचा उल्लेख करू नका. एवढंच म्हणा की फॉर्मसाठी वेगळी सभा अमुक तारखेला आहे.

चिठ्ठ्यांचे डबे वेगळे ठेवण्यामागेही कारण आहे. एकच डबा ठेवला की आई मुलाच्या हातातली चिठ्ठी बघते, आणि मूल "विज्ञान शाखेला स्कोप आहे का" असं काहीतरी लिहून मोकळं होतं. डबे वेगळे केले आणि मुलांना पुढे, पालकांना मागे बसवलं, त्या वर्षी निळ्या डब्यात पहिल्यांदा खऱ्या चिठ्ठ्या आल्या. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "बाबांनी क्लासची फी भरली आहे, आता नको कसं सांगू?" ती वाचून दाखवली तेव्हा मागच्या रांगांत बराच वेळ कुणी हललं नाही. त्या एका चिठ्ठीवर मॅडम दहा मिनिटं बोलल्या. हे परिचयात सांगायचं, कारण नंतर सांगितलं तर मुलांना लिहायला वेळ मिळत नाही. मुलं पहिली दहा मिनिटं नुसता विचारच करत असतात.

कार्यक्रमाच्या क्रमाबद्दल थोडंसं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी परिचय होतो, मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, आणि मग पाहुणे बोलायला उठतात. परिचयाने जी उत्सुकता तयार केली ती फोटोत विरून जाते. मुख्याध्यापकांना विनंती करून सत्कार आधी उरकून घ्या. स्वागत-सत्कार, दोन वाक्यांचं प्रास्ताविक, मग परिचय, आणि परिचयाच्या शेवटच्या शब्दावर पाहुणे माईकपाशी. प्रास्ताविक करणाऱ्याशीही आधी बोलून घ्या, नाहीतर "आजच्या स्पर्धेच्या युगात" पासून सुरुवात करून ते नेमकं तेच भय पसरवतात जे तुम्हाला कमी करायचं आहे.

कागद हातात ठेवायला हरकत नाही, पण पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन पाठ असू द्या. "त्या आधी मुलाशी एकट्याशी बोलतात" हे म्हणताना मुलांकडे बघा, आणि "मग पालकांशी वेगळं बोलतात" म्हणताना मागच्या रांगांकडे. पाहुण्यांकडे वळून वळून बोलू नका, त्यांना स्वतःबद्दल सगळं माहीत आहे.

परिचय जमला की नाही हे कसं ओळखायचं, तेही सांगते. पाहुण्या उठल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काय बोलतात ते ऐका. तुम्ही सांगितलेलं त्या दुरुस्त करत असतील, किंवा "मी कुठल्या क्लासची नाही बरं का" असं सांगत असतील, तर ते आधीच सांगायला हवं होतं. मग डब्यांतल्या चिठ्ठ्या बघा. पिवळ्या डब्यात अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्या कटऑफ आणि फॉर्मच्या निघाल्या तर फॉर्मचं वाक्य नीट पोचलं नाही. पुढच्या वेळी ते सावकाश आणि दोनदा म्हणा. निळा डबा जवळजवळ रिकामा असेल तर मुलांना अजून वाटतंय की बाई पालकांच्या आहेत. तसं दिसलं तर सत्र चालू असतानाच उपाय करता येतो. प्रश्नोत्तरांआधी पाच मिनिटांची सुट्टी द्या, पालकांना चहाला बाहेर पाठवा, आणि डबा घेऊन स्वतः मुलांच्या रांगांतून एक फेरी मारा. या फेरीत मला नेहमी आठ-दहा चिठ्ठ्या तरी जास्त मिळाल्या आहेत, आणि बहुतेक वेळा त्याच सगळ्यात आधी वाचाव्याशा वाटल्या.

शनिवारच्या आधी फोन झाला आणि मजकूर लिहून झाला की इथेच टाका, मी वाचून बघते. पाहुण्यांचं आणि शाळेचं नाव मात्र गाळून टाका.